“आई, हे आता दर महिन्याला होणार का?”

डॉक्टर, माझी मुलगी 13 वर्षांची आहे, आता नववीत जाईल. वजन 41 किलो. दिवाळीच्या सुमारास तिला पहिली पाळी आली आणि त्याच आठवड्यात डोकं इतकं दुखलं की दिवसभर अंधारात पडून होती, दोनदा उलटी झाली. तेव्हापासून हे चालूच आहे. जानेवारीपासून मी कालनिर्णयवर लिहून ठेवतेय. पाळी आली 11 जानेवारी, 22 फेब्रुवारी, 20 मार्च आणि 27 एप्रिलला. डोकं दुखलं 10 जानेवारी, 3 फेब्रुवारी (परीक्षेसाठी जागली होती), 23 फेब्रुवारी, 1 एप्रिल (गावच्या यात्रेत उन्हात फिरली) आणि 26 एप्रिलला. डोळे तपासले, नंबर नाही. सासूबाई म्हणतात, पाळी डोक्यात चढली. मलाही लग्नाआधीपासून अर्धशिशी आहे. परवा तिनं विचारलं, “आई, हे आता दर महिन्याला होणार का? तुझ्यासारखं आयुष्यभर?” मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. तिला खरं काय सांगू?
— एक आई, सांगली

ताई, खरं तेच सांगा, कारण खरं उत्तर तिला वाटतंय तेवढं भयंकर नाही. दर महिन्याला होईलच असं नाही. काही पाळ्यांना होईल, एखादी पाळी बिनत्रासाची जाईल, आणि मधूनच पाळीशी काही संबंध नसतानाही डोकं दुखेल. आयुष्यभर एकसारखं तर राहत नाहीच. पुढच्या दोन-तीन वर्षांत पाळी मार्गी लागते, तसा या दुखण्याचा नेमही कळायला लागतो. काही मुलींचं मोठेपणी बरंच कमी होतं, काहींचं राहतं. गरोदरपणात, विशेषतः पहिले तीन महिने सरले की, पुष्कळ जणींना आराम पडतो. पाळी जाण्याच्या आधीची काही वर्षं त्रासाची असतात आणि ती गेली की बहुतेकींची सुटका होते. तुम्हाला तिच्या वेळी दिवस गेले असताना डोकं कसं होतं, ते आठवून पाहा. बरं होतं असं आठवलं तर ते तिला सांगा. पुस्तकातल्या दहा वाक्यांपेक्षा आईच्या अंगावरून गेलेली एक गोष्ट तिला जास्त पटेल.

हे बोलणं डोकं दुखत असताना मात्र करू नका. त्या वेळी तिला आवाजही नकोसा असतो, आणि तेव्हा सांगितलेलं काही लक्षातही राहत नाही. पाळी होऊन आठवडाभर झालेला असावा, घरात दोघीच असाव्यात, हाताला काहीतरी काम असावं. शेंगा सोलताना, केसांना तेल लावताना या वयाच्या मुली जेवढं बोलतात तेवढं समोरासमोर बसवल्यावर बोलत नाहीत. कालनिर्णय मात्र जवळ ठेवा, त्याची गरज पडणार आहे.

सुरुवात “असं का होतं” इथून करा, कारण तिच्या मनात भीती तिथेच आहे. माझ्याकडे येणाऱ्या मुली आईला बाहेर बसवून मला विचारतात, “डॉक्टर, माझ्या डोक्यात गाठ आहे का?” तुमच्या मुलीनंही हे मनात कधीतरी घोळवलं असणार. तिनं विचारलं नसलं तरी तुम्हीच विषय काढा. बोलणं साधारण असं होऊ शकतं:

“तुझ्या डोक्यात गाठ-बिठ काही नाही, बाळा. याला मायग्रेन म्हणतात. तुझा मेंदू जन्मापासूनच जरा हळवा आहे. प्रकाश, आवाज, वास, उपाशी राहणं, झोप मोडणं, सगळं त्याला चटकन लागतं. तो माझ्याकडून आलाय तुझ्याकडे.”

“मग आधी का नाही दुखलं? पाळी आल्यावरच का?”

“आधी तुझ्या अंगात इस्ट्रोजेन नावाचं हार्मोन फारसं नव्हतं. आता ते महिन्यात वर चढतं आणि पाळी यायच्या एक-दोन दिवस आधी झपकन खाली येतं. त्या उतरण्याचा त्रास तुझ्या मेंदूला होतो.”

“म्हणजे माझ्यात ते कमी आहे?”

“नाही गं. जेवढं हवं तेवढंच आहे. कृष्णेचा पूर ओसरताना काठ ढासळतो, बघितलंयस ना? पाणी किती होतं यापेक्षा ते किती वेगानं उतरतं यानं काठ पडतो. तसंच हे.”

हे शेवटचं महत्त्वाचं आहे, कारण “हार्मोन्सचा प्रॉब्लेम आहे” असं अर्धवट कानावर पडलं की मुली स्वतःला आजारी समजायला लागतात आणि घरचे हार्मोनच्या तपासण्या करायला धावतात. या दुखण्यात रक्तातलं इस्ट्रोजेन तपासलं तर ते नॉर्मलच येतं. त्या तपासणीवर पैसे घालवू नका.

सासूबाईंच्या म्हणण्याचं काय? त्यांनी पाळीचा आणि डोक्याचा संबंध बरोबर ओळखला, पण रक्त डोक्यात चढत नाही. 1972 साली सॉमरव्हिल नावाच्या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी याचा छडा लावला. पाळीच्या वेळी अर्धशिशी होणाऱ्या बायकांना त्यांनी पाळीच्या तोंडावर इस्ट्रोजेनचं इंजेक्शन दिलं. पाळी ठरल्या वेळी आली, डोकेदुखी मात्र पुढे गेली, इंजेक्शनचा असर ओसरला तेव्हा ती आली. उलट प्रोजेस्टेरॉन हे पाळीचं दुसरं हार्मोन दिल्यावर पाळी लांबली, पण डोकं आपल्या वेळेला दुखलं. म्हणजे दुखण्याला रक्तस्राव कारण नाही, हार्मोनचा उतार कारण आहे. पाळी सुरू झाल्यावर गर्भाशयातून प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं सुटतात. पोटात कळा त्यांनीच येतात आणि पहिल्या दोन-तीन दिवसांच्या डोकेदुखीलाही ती हातभार लावतात. त्यामुळे काही मुलींचं डोकं पाळीच्या आदल्या दिवशी दुखतं, तर काहींचं दुसऱ्या दिवशी.

तिला आणखी एक विचारा, लहानपणी एसटीत बसलं की घाटात उलटी व्हायची का? किंवा शाळेत असताना कारण नसताना पोट दुखून पांढरी पडायची का? मायग्रेनच्या मुलींमध्ये या दोन्ही गोष्टी पुष्कळदा आधीपासून असतात. तिनं “हो, खंबाटकीत नेहमी व्हायची” असं म्हटलं, तर हे दुखणं पाळीनं आणलं नसून आधीपासून अंगात होतं, पाळीनं ते फक्त जागं केलं, हे तिला आपोआप कळेल. मुलग्यांनाही मायग्रेन होतं. लहानपणी मुलगे-मुली साधारण बरोबरीनं असतात, वयात आल्यावर मुलींचं प्रमाण वाढत जातं आणि मोठेपणी ते पुरुषांच्या सुमारे तिप्पट होतं. बाई म्हणून मिळालेली ही शिक्षा आहे अशी भावना तिच्या मनात रुजू देऊ नका.

आता कालनिर्णय उघडा आणि तिच्याच हातात पेन द्या. रक्तस्रावाचा पहिला दिवस म्हणजे 1. आदला दिवस उणे 1, त्याच्या आधीचा उणे 2. शून्य दिवस नसतो. उणे 2 पासून 3 पर्यंतच्या पाच दिवसांत डोकं दुखायला सुरुवात झाली, तर ते पाळीशी जोडलेलं धरायचं. सलग तीन पाळ्यांपैकी किमान दोन पाळ्यांना असं झालं, तर त्याला पाळीशी संबंधित मायग्रेन म्हणतात.

तुमच्या तारखा लावून पाहिल्या. 10 जानेवारी म्हणजे उणे 1. 23 फेब्रुवारी म्हणजे दिवस 2. 20 मार्चच्या पाळीला काहीच नाही. 26 एप्रिल म्हणजे पुन्हा उणे 1. चारपैकी तीन पाळ्या जुळल्या. 3 फेब्रुवारी आणि 1 एप्रिल या दोन तारखा पाळीपासून लांब आहेत, आणि त्यांची कारणं तुम्हीच लिहिली आहेत, एकदा जागरण, एकदा ऊन. यात्रेत पोरी धड जेवत नाहीत आणि पाणीही पीत नाहीत, हेही त्यात धरा. म्हणजे तुमच्या मुलीचं डोकं पाळीच्या वेळी दुखतं आणि इतर वेळीही दुखतं. बहुतेकींचं असंच असतं, फक्त पाळीलाच दुखणं हा प्रकार कमी.

मार्च का सुटला, हे ती नक्की विचारेल. पहिली वर्ष-दोन वर्षं पुष्कळ पाळ्यांमध्ये बीज बाहेर पडतच नाही, त्यामुळे हार्मोनची चढउतार दर वेळी सारखी नसते. तिच्या पाळ्यांमधलं अंतर बघा: 42 दिवस, 26 दिवस, 38 दिवस. हे बघून घाबरू नका, या वयात 21 ते 45 दिवसांचं अंतर नॉर्मल आहे. पण याचा एक अर्थ असा, की पुढची पाळी कधी येईल हे आज कुणालाच सांगता येणार नाही, आणि म्हणून डोकं कधी दुखेल हेही सांगता येणार नाही. “पाळी आली की दुखणारच” असं तिच्या डोक्यात भरवू नका. नाहीतर ती महिनाभर धास्तीत राहील आणि मार्चसारखा चांगला महिनाही वाया जाईल.

यानंतर झटका कसा येतो ते बोला. इथे तुम्ही डॉक्टरपेक्षा चांगल्या शिक्षिका आहात, फक्त एक फरक सांगायचा. तुमचं बहुधा अर्धंच डोकं दुखत असेल. या वयात कपाळाच्या दोन्ही बाजू दुखतात आणि झटका लहान असतो, कधी दोन-तीन तासांत संपतो. त्यामुळे “अर्धं नाही दुखत, म्हणजे अर्धशिशी नाही” असं म्हणून लोक सायनसचे थेंब नाकात घालत बसतात. डोकं ठणकतं, जिना चढलं की वाढतं, मळमळतं, उजेड-आवाज सहन होत नाही, चेहरा पांढरा पडतो, ही खूण पुरेशी आहे. वासाचंही विचारा. आपल्याकडच्या मुली हळदीच्या पेठेतला किंवा द्राक्षबागेतल्या फवारणीचा वास असह्य झाला असं सांगतात.

त्याच्याही आधी, काही तास किंवा आदल्या दिवशी, बारीकसारीक चाहूल लागते. उगाच जांभया येतात, मान आखडते, चिडचिड होते, गोड खावंसं वाटतं. चॉकलेट खाल्लं म्हणून डोकं दुखलं असं घरोघरी म्हणतात. पण बऱ्याचदा झटका आत सुरू झालेला असतो आणि चॉकलेटची ओढ हीच त्याची चाहूल असते. तिला स्वतःची चाहूल कोणती ते शोधायला सांगा. “मागच्या वेळी दुखायच्या आधी काय झालं होतं गं?” एवढं विचारलं तरी मुलींना आठवतं. झटका संपल्यावर दिवसभर गळून गेल्यासारखं वाटतं, तेही सांगून ठेवा. त्या दिवशी “आता बरी आहेस ना, मग चल क्लासला” असं होऊ नये.

आता गोळी. इथे घराघरात तीच चूक होते. मुलगी आधी सहन करते, मग सांगते, मग आई म्हणते “लगेच गोळी नको, थोडं पड”, आणि सहन होईना झालं की अर्धी गोळी देते. मायग्रेनमध्ये पोटाचं काम मंदावतं, त्यामुळे उशिरा घेतलेली गोळी पोटातच पडून राहते किंवा उलटीवाटे बाहेर येते. दुखणं सुरू झाल्याचं कळताच, पहिल्या अर्ध्या तासात, पूर्ण मात्रा घ्यायची. आयबुप्रोफेन हे या वयासाठी पहिलं औषध, किलोमागे 10 मिलिग्रॅम. 41 किलोला 400 ची एक गोळी बरोबर बसते. दोन घास खाऊन, भरपूर पाण्याबरोबर घ्यायची आणि अंधाऱ्या खोलीत झोपायचं. गरज पडली तर सहा ते आठ तासांनी आणखी एकदा. झोप लागली तर उठवू नका, मुलींचा निम्मा झटका झोपेतच जातो.

दमा, पोटात अल्सर किंवा किडनीचा त्रास असेल तर ही गोळी नको, त्याऐवजी पॅरासिटामॉल 500. ताप असेल तरीही पॅरासिटामॉलच, कारण आपल्याकडे पावसाळ्यात डेंग्यू असतो आणि डेंग्यूत आयबुप्रोफेननं रक्तस्राव होऊ शकतो. ॲस्पिरिन या वयात द्यायचंच नाही. पोटदुखीसाठी ती मेफेनॅमिक ॲसिडची गोळी घेत असेल, तर तीही आयबुप्रोफेनच्याच जातीची आहे. डोक्याला एक आणि पोटाला एक अशा दोन्ही एकाच वेळी घेऊ नयेत. पाळीत डोकं आणि पोट दोन्ही दुखत असेल तर आयबुप्रोफेन एकटंच दोन्हीकडे काम करतं. उलट्या थांबत नसतील किंवा या गोळीनं दोन-तीन झटक्यांत नीट आराम पडला नाही, तर रायझाट्रिप्टनसारखी खास मायग्रेनची गोळी मुलांनाही देता येते. ती मेडिकलमधून परस्पर आणू नका, डॉक्टरांनी लिहून द्यावी लागते.

याच्याबरोबर मर्यादाही सांगा आणि ती कारणासकट सांगा. आठवड्यात दोनपेक्षा जास्त दिवस गोळी लागायला लागली, तर डॉक्टरांकडे यायचं. कारण साधी वेदनाशामकं महिन्यात 15 दिवस आणि मिश्र गोळ्या किंवा रायझाट्रिप्टनच्या जातीच्या गोळ्या 10 दिवस असं काही महिने घेतलं, तर त्या गोळ्यांनीच रोजची डोकेदुखी सुरू होते. दुकानात मिळणाऱ्या डोकेदुखीच्या पुष्कळ गोळ्या मिश्र असतात, त्यात कॅफिनही असतं. तुमच्या पर्समध्ये अशी गोळी असेल आणि तुम्ही ती वरचेवर घेत असाल, तर या निमित्तानं स्वतःचाही हिशेब मांडा. ती तुमच्याकडे बघूनच शिकणार आहे. डोक्याला फडकं बांधून तुम्ही भाकऱ्या थापत राहिलात, तर सहन करायचं असतं हेच ती उचलेल.

रोजचं औषध तिला लागेल का? चार महिन्यांत पाच झटके, म्हणजे आज तरी नाही. अशा औषधांबद्दल आशा जरा बेतानं ठेवा. 2017 साली अमेरिकेत 8 ते 17 वर्षांच्या मुलांवर एक मोठी चाचणी झाली. त्यात ॲमिट्रिप्टिलिन आणि टोपिरामेट ही दोन नावाजलेली औषधं, तुलनेसाठी दिलेल्या औषध नसलेल्या साखरेच्या गोळीपेक्षा सरस ठरली नाहीत, पण साखरेची गोळी घेणाऱ्या मुलांपैकीही निम्म्याहून अधिक मुलांचं दुखणं बरंच कमी झालं. मुलांमध्ये हे दुखणं नीट समजावून सांगणं, झोप, जेवण आणि धीर यांनी खरोखर कमी होतं. म्हणून तिला वेळ सांभाळायला लावा. नाश्ता न करता शाळेत जाणं बंद, रविवारीही उठायची वेळ फार पुढे ढकलायची नाही, पाण्याची बाटली रिकामी करून घरी यायचं. पाळी जवळ आल्यासारखी वाटली की त्या आठवड्यात उपवास नको आणि जागरण नको. एरवी एखादं जागरण तिला खपेल, पण त्या दिवसांत ऊन, उपास आणि हार्मोनचा उतार एकत्र आले की झटका यायची शक्यता बरीच वाढते. वर्षभर सगळंच बंद करण्याची गरज नाही, यात्रेलाही जाऊ द्या, डोक्याला ओढणी आणि पोटात भाकरी असू द्या.

एकदा डॉक्टरांना मात्र दाखवाच. रक्तदाब बघतील, डोळ्याच्या आतला पडदा बघतील, हातापायांची ताकद आणि चालणं तपासतील. हे सगळं ठीक असेल तर एमआरआयची गरज नाही. हिमोग्लोबिन नक्की तपासा. 12 च्या खाली असेल तर लोह द्यावं लागतं, कारण रक्त कमी असलं की डोकं जास्त दुखतं आणि गळूनही जायला होतं. पाळी सात दिवसांपेक्षा जास्त चालते का, तासा-दोन तासांनी पॅड बदलावं लागतं का, हेही डॉक्टरांना सांगा.

डोळ्यांसमोर काही दिसतं का, हे तिला शांतपणे विचारून ठेवा. काहींना डोकं दुखायच्या आधी पाच मिनिटं ते तासभर नागमोडी चमकत्या रेघा दिसतात किंवा नजरेत एक कोरा डाग पडतो, मग तो आपोआप जातो. याला ऑरा म्हणतात. पाळीच्या झटक्यात तो सहसा नसतो, पण कधी दिसला तर आंधळी होतेय असं वाटून मुली घाबरतात, म्हणून आधी माहीत असावं. तो दिसला तर तुम्हाला सांगायचं, कारण त्याचा पुढच्या औषधांशी संबंध आहे. ऑरा असलेल्या मुलीला इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या देत नाहीत, पक्षाघाताचा धोका वाढतो. पाळी अनियमित म्हणून किंवा पीसीओडी म्हणून पुढे कुणी हार्मोनच्या गोळ्या लिहून देऊ लागलं, तर मायग्रेन आहे आणि ऑरा आहे किंवा नाही, हे तिनं स्वतः तोंडानं सांगायला हवं.

गौरी-गणपतीत घरोघरी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणल्या जातात, तेरा-चौदा वर्षांच्या मुलींनाही देतात. तुमच्या घरी हा विषय निघाला, तर माझं स्पष्ट मत आहे की तिला देऊ नका. पाळ्या अजून बसायच्या आहेत, त्यात ही ढवळाढवळ कशाला? आणि पाळी लांबली म्हणून डोकं दुखायचं टळेल याची खात्री नाही, वर सॉमरव्हिलांचं सांगितलंच. सासूबाईंना तुम्ही समजावा, तिच्यावर सोडू नका.

कशासाठी धावत यायचं, तेही त्याच दिवशी सांगा, पण शेवटी आणि थोडक्यात. क्षणात सुरू झालेलं, आजवर कधीच झालं नाही असं भयंकर दुखणं. तापाबरोबर आखडलेली मान. एक हात-पाय लुळा पडणं, बोबडी वळणं, शुद्ध हरपणं किंवा फिट येणं. एकाचे दोन दिसणं. तासाभरापेक्षा जास्त टिकणारा ऑरा. यांपैकी काही झालं तर रात्र असली तरी थांबायचं नाही, थेट हॉस्पिटल. रोज पहाटे डोकेदुखीनं जाग येणं आणि उलटी होणं, किंवा खोकताना-वाकताना डोकं जास्त दुखणं, हे असेल तर दोन-चार दिवसांत मिरजेला न्यूरॉलॉजिस्टना दाखवा. मुरमांसाठी ती डॉक्सिसायक्लिन किंवा आयसोट्रेटिनॉइन घेऊ लागली आणि डोकं रोज दुखायला लागलं, तर तेही सांगा. या गोळ्यांनी क्वचित डोक्यातला दाब वाढतो.

वडिलांना आणि वर्गशिक्षिकांना सांगायचं का, हे तिला विचारून ठरवा. पाळीबद्दल सांगायचं नसेल, तर “तिला मायग्रेन आहे, डोकं दुखायला लागलं की लगेच गोळी घेऊन अर्धा तास पडायचं आहे” एवढंच सांगा, ते पुरतं. एक गोळी बाईंकडे चिठ्ठीसह ठेवा. शाळेतून घरी येईपर्यंत थांबलं की गोळीची वेळ गेलेली असते.

यापुढे तारखा तिनंच लिहाव्यात. रोज लिहायची गरज नाही. दुखलं त्या दिवशी वेळ, गोळी कधी घेतली, किती वेळात उतरलं आणि आदल्या रात्रीची झोप, एवढंच लिहायचं. आणखी पाच-सहा पाळ्यांची नोंद झाली की मला किंवा तुमच्या डॉक्टरांना दाखवा. तोवर पाळी एका ठरावीक अंतरानं यायला लागली असेल, तर एक वेगळा मार्ग उघडतो. पाळीच्या दोन दिवस आधीपासून पाच-सहा दिवस नॅप्रॉक्सेन या वेदनाशामकाची ठरलेली मात्रा घेऊन झटका येण्याआधीच अडवता येतो. आज तो मार्ग तिच्यासाठी नाही, कारण 26 आणि 42 दिवसांच्या मध्ये ते “दोन दिवस आधी” कधी, हे आपल्याला ओळखता येत नाही.